घासून उरलेलं वजन

तुमची बायको काय करते, असं कुणी विचारलं की माझा नवरा सांगायचा, "मेसईदला लोखंडाला आंघोळ घालते." हसा खुशाल, पण ते खोटं नव्हतं. कारखान्यांचे बॉयलर आतून ॲसिडनं धुतात. ॲसिडनं मळ खावा, नळ्या खाऊ नयेत, म्हणून त्यात एक औषध घालतात. ते लागू पडतं की नाही, हे मी लॅबमध्ये बघायची. नळ्यांच्याच पोलादाची छोटी पट्टी घ्यायची, तिला कूपन म्हणतात. तेलकटपणा काढून वजन करायचं, औषध घातलेल्या गरम ॲसिडात टांगायची, वेळ संपली की काढून पुन्हा वजन. वजन किती घटलं, पट्टीचं क्षेत्रफळ केवढं, बुडून किती वेळ होती, यावरून झिजेचा वेग निघतो.

वर्ल्डकपच्या तयारीचे दिवस. दोह्यातला रस्ता काल होता तिथे आज असेलच, याची खात्री नाही. अल सद्दच्या घरून मेसईदच्या लॅबला पोचेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा सुटलेला असायचा. त्यात शेजारच्या देशांनी सीमा बंद केलेल्या, त्यामुळे कुठलाही माल लांबच्या वाटेनं यायचा.

अशातच एक सुपरवायझर कूपन आणि औषधाची बाटली घेऊन आला. चिपळूणकडचा, बॉयलर धुणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस. मराठी ऐकताच खुलला. "ताई, पास करून टाका. बॉयलर धुतला की मी मोकळा. औंदा गणपती आमच्या घरी आहे, भावांत पाळी असते. गेल्या पाळीलाही मी हितंच होतो."

"माझ्या हातात असतं तर आत्ताच विमानात बसवलं असतं," मी म्हटलं. "बघू, इन्शाल्ला."

ॲसिडातून काढली तेव्हा पट्टी काळीकुट्ट. पाण्यानं धुऊन, सुकवून वजन केलं. तो काट्यावर असा वाकलेला, की त्याच्या श्वासानं आकडा हलत होता. घट मर्यादेच्या आत. "खलास!" त्यानं टाळी वाजवली. "झाली की पास!"

"अहो, थांबा. हा काळा थर अजून चिकटलाय. खाल्लेल्या लोखंडाची घाणही आपण लोखंडातच मोजतोय."

मी पट्टी साफ करायच्या द्रावणात थोडा वेळ बुडवली, मऊ ब्रशनं पुसली, वजन केलं. घट वाढली. पुन्हा तेच, पुन्हा वाढली. आकडा मर्यादा ओलांडून गेला आणि त्याचा चेहरा पडला.

"घासून घासून तुम्हीच लोखंड काढताय, ताई! असं घासलं तर आमची पितळी समईसुद्धा नापास होईल."

राग आला, पण शंका रास्त होती. म्हणून तर तशीच एक कोरी पट्टी आम्ही ॲसिडात न घालता नुसती साफ करतो. तिचं जेवढं वजन जातं, तेवढं धुण्याच्या खात्यावर. मी त्याच्यासमोर तिलाही तेवढ्याच वेळा धुतलं, मग दोघींना सोबत घेतलं. शेवटी दोन्ही पट्ट्यांचं वजन प्रत्येक धुण्याला सारखंच, चिमूटभर कमी व्हायला लागलं. म्हणजे घाण संपली होती, आता फक्त धुण्यानं जात होतं तेवढंच. कोऱ्या पट्टीची घट वजा केली. तरीही नापास.

मला मनापासून वाटत होतं, कुठेतरी माझीच चूक निघावी. दुसरी पट्टी टांगली. तेच उत्तर.

तो स्टुलावर बसला. "औषधाचे ड्रम सगळा उन्हाळा यार्डात उन्हात पडलेत, तिथंच बिघडलं असणार," हळूच म्हणाला. "मी सावली मागितली होती. सावलीत स्टेडियमच्या खुर्च्या ठेवलेल्या." मग उठून मोबाइल काढला. बायकोला सगळं सांगितलं: पट्टी, काळा थर, कोरी पट्टी, वजन भागिले वेळ. चांगलं समजावलंन, माझ्यापेक्षा सोपं. शेवटी म्हणाला, "नवीन ड्रम यायला वेळ लागेल. दादाला म्हणावं, तू बसव मूर्ती."

माझा जीव तुटला. "गणपतीला आमच्याकडे यायचं," मी दम दिला. "नाही आलात तर तुमची पुढची पट्टी घेणार नाही."

आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा. आरतीआधी त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावून फोन गणपतीसमोर टेकवला. पलीकडे चिपळूणची माणसांनी भरलेली ओसरी, आणि पुढे त्याची बायको. म्हटलं, आता मला बोलणी बसणार.

"तुम्हीच का त्या वजनवाल्या ताई?" ती हसत म्हणाली. "मग आमच्या ह्यांचंही करा एकदा. किती झिजलेत ते सांगा. आणि तिथं किती वर्षं बुडालेत, तेही धरा हिशोबात."

सगळे खो खो हसले, तोही. मला काही हसता येईना. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं टाळ उचलले.

"घासत नका बसू, ताई," म्हणाला. "यल्ला, आरती सुरू करा."