मंजुषाबाईचे पिकलेले केस

आमच्या वडसा गावात नाटक कंपन्या पुष्कळ, पोस्टर करणारे मोजकेच. त्यातला इसरू आमचा शेजारी. आधी ब्रशने पडदे रंगवायचा, आता कॉम्प्युटरवर पोस्टर करतो. खोड मात्र ब्रशवाल्याचीच. चित्र कसं दिसतं ते बघायला उठून चार पावलं मागे जातो आणि दर वेळी स्टुलावर आदळतो.

यंदा बापूरावांच्या कंपनीत मंजुषाबाई पहिल्या अंकात नवी नवरी, पुढे फौजदाराची माय. वय एकोणतीस. बापूरावांनी तिचा फोटो पाठवून फोनवर सांगितलं, "माय दिसली पायजे. केस पिकव."

इसरूने फोटोवर वेगळा लेयर, म्हणजे काचेसारखा एक थर, घेतला आणि बारीक ब्रशने, केसांच्या वळणाने, पांढऱ्याशुभ्र रेघा ओढल्या. मग मागे गेला, आदळला, म्हणाला, "चुना सांडला."

रेघा पुसल्या. फोटोतल्याच केसांवरच्या चमकेतून करडा रंग उचलला, कुठे जाड, कुठे बारीक. भांगात आणि कानशिलावर दाट, टोकाकडे विरळ. लेयर जरा फिका केला. आता केस खरंच पिकले.

तेवढ्यात मंजुषाबाईच दुकानात आली.

"इसरूभाऊ, मले म्हातारी काऊन केलं?"

"बापूरावानं केलं. म्या नुसते केस पिकवले."

ती हसली नाही. गावोगावचे मंडळवाले पोस्टर पाहूनच नाटक ठरवतात. एकदा माय म्हणून चेहरा लागला, की पुढच्या सीझनलाही मायच. "कलाबाई बत्तिसाव्या वर्षी माय झाली. आता आजी करून राह्यली. काढा हे."

इसरूने स्क्रीनवर लेयरपुढचं डोळ्याचं चिन्ह दाबलं, लेयर लपला. केस काळेभोर. पण पोस्टरवर तिच्या शेजारी फौजदार झालेला प्रवीण, वय छत्तीस, मिशी जाड. मायलेक कसले, लग्नाच्या पत्रिकेतलं जोडपं. आता मात्र बाईला हसू आवरेना.

"लावा परत."

लावले. तिने आरशात पाहावं तसं पाहिलं. "नाई, काढा." काढले. "लावा." असं सात-आठदा झाल्यावर इसरूचं बोट थांबलं.

"दोघी ठेवतो. नाटकात दोघीही हायेत ना?"

उजवीकडे मोठी माय, डावीकडे तोच फोटो काळ्या केसांचा, डोक्यावर बाशिंग. जागा कमी पडली म्हणून प्रवीणच्या मागे दाखवलेली मोटरसायकल पोस्टरवरून उडवली.

"मोटरसायकल कुठी गेली बे?" बापूराव.

"मायनं विकली," इसरू.

बापूराव पुटपुटले, पण छपाई तीच झाली.

आठवड्याने एका गावचं मंडळ कंपनीच्या हापिसात आलं. मंजुषाबाई उन्हातून आलेली, तोंडाला स्कार्फ बांधून कोपऱ्यात बसलेली. मंडळाचे अध्यक्ष पोस्टरपुढे बराच वेळ उभे राहिले.

"नाटक पक्कं. माय जमली. पण बापूरावभाऊ, हे पोरगी कोण? पुढच्या वर्षी हिलेच हिरोईन घ्या, तारीख आत्ताच देतो."

बापूरावांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

स्कार्फच्या आतून आवाज आला, "लिहून घ्या भाऊ. मी सांगतो तिले."