वरचा एक रुपया

‘जुळलं’ हा शब्द आमच्या साहेबांच्या तोंडून ऐकला की अजून मी मूळ कागद मागते. महाडला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं हिशेबाचं आणि करसल्ल्याचं ऑफिस आहे. दुकानदार, ठेकेदार, गावोगावची मंडळं, सगळ्यांचे हिशेब मी तिथे बरीच वर्षं करत आले. बँकेचं स्टेटमेंट आणि वहीतल्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या आणि ओळीला ओळ जुळवायची. काम कंटाळवाणं असलं तरी घाण नव्हतं. ते घाण कसं करता येतं, हे मला त्या वर्षी बघायला मिळालं.

साहेबांनी तेव्हा नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. स्टेटमेंटची पीडीएफ टाकली की ते त्यातल्या ओळी काढून तक्ता करायचं आणि वहीतल्या नोंदींशी आपणच जोड्या लावायचं. जुळली ती ओळ हिरवी, उरली ती लाल. आता तारीख आणि रक्कम दोन्हीकडे नेहमी सारखी नसते. चेक आज वहीत चढतो आणि वटतो दोन-तीन दिवसांनी. मध्येच बँक आपला आकार, म्हणजे चार्ज, कापते. म्हणून थोडी सूट द्यावीच लागते, पण त्यालाही रीत आहे. आधी तंतोतंत रकमेच्या जोड्या बाजूला काढायच्या, मग उरलेल्यांत पाठवणाऱ्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक बघून जवळच्या जोड्या लावायच्या, आणि शंका येईल तिथे माणसाने डोळे उघडे ठेवून बघायचं. साहेबांना हिरवा रंग लवकर हवा होता. त्यांनी तीन दिवसांची आणि पंचवीस रुपयांची सूट दिली, नाव तपासण्याची खूण काढून टाकली आणि पहिली जवळची ओळ मिळेल ती घे, असं ठरवून टाकलं. मी म्हटलं, हे बरोबर नाही. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार खोलात जाता.” आणि समोसा खाल्लेली तेलकट बोटं त्यांनी माझ्याच कीबोर्डावर टेकवली.

पुढे काही महिन्यांनी एक बाई ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या असतील. चपला दाराबाहेर काढून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसल्या. पोलादपुराहून पुढे उमरठच्या बाजूला डोंगरात त्यांची वाडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, ती मुंबईत एका दवाखान्यात आयाचं काम करते. एवढं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पैसं परत मागाया नाय आलंय मी. माजं नाव लाल का झालं, तेवढं सांगा.”

वाडीच्या मंडळाचे हिशेब आमच्याकडेच होते. झऱ्यावरून घरोघर नळ आणायचा म्हणून मंडळाने दर घरामागे पाच हजारांची वर्गणी काढलेली. निम्मी वाडी मुंबईत, त्यामुळे पैसे बहुतेक मोबाइलवरूनच मंडळाच्या खात्यात यायचे. देवाचं काम असो की पाण्याचं, त्या वाडीत वर्गणी गोल आकड्यात देत नाहीत. वर एक रुपया ठेवतात. म्हणून बाईंच्या मुलीने पाच हजार एक रुपये पाठवले होते.

आणि तरी देवळातल्या सभेत वर्गणी बुडवणाऱ्यांची नावं वाचली, तेव्हा एकच नाव निघालं. यांचं. मंडळाचे अध्यक्ष मुंबईत नोकरी करून निवृत्त होऊन आलेले, खजिनदार फक्त नावाला होता, पावत्या तेच फाडायचे. त्यांनी आमच्या ऑफिसचा रंगीत कागद सगळ्यांना उंच धरून दाखवला. बाई म्हणाल्या, मुलीनं पाठवल्यात. अध्यक्ष म्हणाले, कॉम्प्युटर खोटं बोलत नाय वैनी. नळ सगळ्यांच्या दारात गेला आणि यांच्या अंगणाच्या गडग्यापाशी पाइप बूच मारून थांबवला. पाणी भरायला शेजारी गेल्या तर शेजारणीने हंडा भरू दिला, पण बोलली नाही.

“मग मी पोरीला सांगितलं, पुन्हा पाठव,” बाई म्हणाल्या. “तिनं पगारातनं उचल घेतली. नळ आला. पन मानसं अजून तशीच बगतात.”

मी स्टेटमेंटचा तक्ता उघडला आणि मग मूळ पीडीएफ उघडली. कारण तक्त्यावर माझा विश्वास नव्हता. पीडीएफमध्ये एका व्यवहाराचा तपशील दोन ओळींत मोडलेला असतो, आणि आमच्या हुशार सॉफ्टवेअरने ओळी काढताना दुसरी ओळ, म्हणजे नेमकी नावाची, गाळून टाकली होती. मूळ कागदावर ती स्वच्छ होती. सहा तारखेला पाच हजार एक रुपये जमा, पाठवणारी बाईंची मुलगी. दोन महिन्यांनी पुन्हा पाच हजार एक, पुन्हा तीच. म्हणजे पहिले पैसे आलेलेच होते.

मग ती पहिली ओळ कुणाला लागली होती? वहीत बघितलं. बाईंची नोंद आठ तारखेची, कारण अध्यक्ष रविवारी घरोघर जाऊन, पैसे पाठवले म्हणून सांगतील त्यांच्या पावत्या लिहायचे. तिच्या आधी चार तारखेला एक नोंद होती, गोल पाच हजारांची. ती अध्यक्षांच्या सख्ख्या धाकट्या भावाची. त्याचं हमरस्त्यावर हॉटेल आहे. अध्यक्षांनी भावाची पावती रविवारची वाट न बघता फाडून ठेवली, पैसे मात्र खात्यात कधी आलेच नाहीत. सॉफ्टवेअर तारखेप्रमाणे वरून खाली आलं. आधी भावाची नोंद लागली. जवळपास बघितलं तर दोन दिवस आणि एक रुपया एवढ्याच फरकाने बाईंच्या मुलीची ओळ सापडली. घेतली, हिरवी केली. जास्तीचा रुपया ‘किरकोळ फरक’ म्हणून टाकला. मग बाईंच्या नोंदीची पाळी आली तेव्हा तिच्यासाठी ओळच उरली नव्हती.

तो रुपया बघूनच कुणालाही थांबायला हवं होतं. बँक आकार लावते तेव्हा पैसे कापते, वाढवून देत नाही. पाच हजारांची नोंद असताना पाच हजार एक आले, तर ते दुसऱ्याच कुणाचे असू शकतात. एवढं कळायला शिक्षण लागत नाही, लाज लागते.

पण खरी किळस पुढे होती. बाईंचे दुसऱ्यांदा आलेले पैसे त्यांच्या आठ तारखेच्या नोंदीसमोर कुणीतरी हाताने जुळवले होते. दोन महिन्यांचा फरक असताना. जुळवणाऱ्याच्या रकान्यात साहेबांचं नाव होतं. म्हणजे भावाची वर्गणी बाईंच्या पहिल्या पैशांतून भागली आणि बाईंची त्यांच्या दुसऱ्या पैशांतून. सगळी वही हिरवीगार. शेणाने सारवून वर रांगोळी काढतात तसं दिसत होतं, फक्त खाली जमीन नव्हती.

बाईंना मी कागदावर दोन ओळी दाखवल्या, मुलीचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि काही वेळ उचललंच नाही. मग म्हणाल्या, “हे सभेत बोलाल काय?”

मी हो म्हटलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. तिथे नेमके अध्यक्ष बसलेले, अत्तराचा वास खोलीभर. मी दोन्ही ओळी पुढे ठेवल्या. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. “अहो, एका रुपयाचा फरक आणि दोन दिवसांचा,” ते म्हणाले. “एवढ्याला काय धरून बसायचं? भाऊ देईल की सवडीनं.” साहेब म्हणाले, “शेवटी बेरीज जुळली ना? त्या बाईला पुढच्या वर्षीच्या वर्गणीत वळतं करू.” दोघे हसले. विधवेच्या मुलीने उचल काढून भरलेल्या पैशांवर ही दोन जाडी माणसं हसत होती आणि मध्ये बशीत बिस्किटं होती. मला त्या बिस्किटांचासुद्धा संताप आला.

मी म्हटलं, “तपासलं म्हणून मंडळाच्या हिशेबपत्रकावर माझी सही येणार नाही. तुमची करा. धर्मादाय कार्यालयातून विचारलं तर ही मूळ पीडीएफ मी घेऊन येईन.” आता साहेबांचं हसू मावळलं. सही एकट्याची म्हटल्यावर त्यांना रीत आठवली. अध्यक्षांकडे न बघता ते म्हणाले, “मग तुम्हीच जा सभेला आणि वाचा काय ते.” स्वतः जाण्याची हिंमत नव्हती. तेही एका परीने बरंच झालं.

मी सगळी वही पुन्हा हाताने जुळवली. आधी तंतोतंत, मग नाव बघून जवळची. बाईंचे दोन्ही वेळचे पैसे बाईंच्या नावासमोर आले आणि भावाच्या नोंदीसमोर ‘रक्कम प्राप्त नाही’ एवढंच उरलं.

सभा देवळातच होती. मी उभी राहून वाचलं. बाईंच्या घरून पाच हजार एक रुपये सहा तारखेलाच जमा आहेत, नंतरचे पाच हजार एक जादा आलेत, ते मंडळाने परत करायचे आहेत. मग भावाचं नाव आणि त्यापुढचे तीन शब्द. पलीकडच्या कठड्यावर बसलेली ती शेजारीण पदराशी चाळा करत राहिली. भाऊ उठला, म्हणाला, “देनारच होतो मी,” आणि खिशातून नोटांची गड्डी काढून अध्यक्षांपुढे टाकली. जणू उपकारच करत होता.

अध्यक्षांनी त्यातून दहा नोटा मोजून बाईंपुढे धरल्या. मोठ्या मनाच्या माणसाचा आवाज काढला. “घे वैनी, तुजं पाच हजार. झालं गेलं. वरचा रुपया र्‍हाऊ दे देवाला.”

परतीचं व्हाउचर मी आधीच लिहून आणलं होतं, पाच हजार एकचं. बाईंनी त्यावर अंगठा नव्हे, सही करायला पेन उघडलं, आकडा वाचला, नोटांकडे बघितलं आणि पेन पुन्हा बंद केलं.

“देवाचा रुपया पयल्या टायमालाच दिलाय भावजी,” त्या म्हणाल्या. “ह्यो माजा हाय. ह्याच्यापायीच मी चोर झाली. तो पन द्या.”

अध्यक्षांनी सदऱ्याचे खिसे चाचपले, मग भावाकडे बघितलं. भावाकडे सगळ्या मोठ्या नोटा. सभेत दुसऱ्या कुणी खिशात हात घातला नाही. बाई हात पुढे करून तशाच बसून राहिल्या.