लागू असल्यास बाप

जन्मभर आवक-जावक विभागात शिक्के मारून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना ऑफिसात सगळे शिक्कामास्तर म्हणत. लेक परदेशी शिकायला निघाली, तेव्हा व्हिसाच्या कागदांची यादी त्यांनी तिच्या हातातून हिसकावूनच घेतली आणि पलंगावर तीन गठ्ठे मांडले: अनिवार्य, ऐच्छिक आणि लागू असल्यास.

तासाभरात पहिल्या गठ्ठ्याचा डोंगर झाला. पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि सगळ्यात वर लेकीचं चौथीतलं लिंबू-चमचा शर्यतीचं प्रशस्तिपत्रक.

"बाबा, हे तर ऐच्छिकमध्येसुद्धा बसत नाही," लेक म्हणाली.

"गोल शिक्का आहे त्यावर!" मास्तर गुरगुरले.

तिनं ते गुपचूप उशीखाली सरकवलं. तोवर मास्तरांनी यादीच्या 'लागू असल्यास' या भागातली ओळ वाचली, "खर्च आई-वडील करणार असल्यास, नात्याचा पुरावा." आणि त्यांचं टाळकंच सरकलं. "मी तुझा बाप असल्याचा पुरावा? हे नाक दिसत नाही का त्यांना?"

"खर्च तुम्ही करताय, म्हणजे अट लागू झाली. आता माझा जन्मदाखला अनिवार्यमध्ये जाणार. त्यावर वडील म्हणून तुमचंच नाव आहे."

मास्तरांची कळी खुलली. दाखला डोंगराच्या शिखरावर ठेवत त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "ऐकलंस का? बाप अनिवार्य आहे!"

"ओळ पूर्ण वाचा," आतून उत्तर आलं. "खर्च करणार असल्यास."