चुन्याचे ठिपके

आमच्या राइस मिलमध्ये बॉयलरच्या तोंडात कोंडा ढकलायचं काम मी इतकी वर्षं केलं, की माझ्या भुवया पुन्हा उगवायच्या थांबल्या. उष्ण्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या तांदळाची मिल. ब्रह्मपुरीपासून जीपने अर्धा तास, मध्ये दोन नाले आणि एक जीपवाला, जो आठ माणसांच्या जागेत सतरा बसवून वर विचारायचा, ‘आहे का कोणी आणखी?’

ही गोष्ट त्या वर्षीची, ज्या वर्षी मी एका वाक्यात चाळीस घरांचा पगार कापला. सेठने कापला असता तर आम्ही गेटवर बसलो असतो. पण कापला मी, तोही चहा पिता पिता, छाती फुगवून.

झालं असं. आमचा तांदूळ परदेशात घेणाऱ्या एका कंपनीने सेठला विचारलं, तुमच्या कामगारांना निर्वाह वेतन मिळतं का? सेठ म्हणाला, आम्ही सरकारी किमान वेतन देतो, एक पैसा कमी नाही. आणि ते खरंही होतं. गेटजवळच्या फळ्यावर त्याचा कागद असायचा. मूळ वेतन आणि वर महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. त्याच्या खाली दिलं तर गुन्हा. पण कंपनीचं म्हणणं दुसरंच होतं. कायद्याने किती द्यावं लागतं ते सोडा, एका कुटुंबाला साध्या इभ्रतीनं जगायला किती लागतं ते मोजा. मधला फरक भरायला आम्ही तांदळाला थोडा जास्त भाव देऊ.

मोजायला नागपूरहून एक मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पण चिकाटी अशी की त्यांनी आठवडी बाजारातल्या भाजीवालीलाही रडवलं असतं. दोन बाजार फिरल्या. तांदूळ, तुरीची डाळ, लाखोळीची डाळ, तेल, पालेभाजी, अंडी, दूध, महिन्यातून थोडी मासोळी आणि कोंबडी, असं एका कुटुंबाला धड खायला लागेल ते सगळं त्यांच्या यादीत. प्रत्येकाचा भाव तीन-चार दुकानांत विचारायचा, जिथं आम्ही घेतो तिथंच. मग घरं पाहिली. पक्की जमीन, खिडकी, संडास असलेल्या साध्या घराचं भाडं इथं किती पडतं? मग कपडे, शाळा, दवाखाना, जीपचं भाडं, मोबाइल. आणि शेवटी अडीअडचणीसाठी थोडी भर. याला त्या ‘कुटुंबाची टोपली’ म्हणायच्या. मी मनात म्हटलं, टोपली कसली, हा तर बैलगाडीभर माल झाला.

तिथवर सगळं बरं चाललं होतं. मग देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना बसवून त्यांनी विचारलं, “घरात कमावणारे किती?”

आता आमच्या गावाची एक रीत सांगतो. परक्या माणसापुढे ‘आमची बाई घरी बसून असते’ असं कोणी म्हणत नाही. त्यापेक्षा ‘आमच्या घरात खरूज आहे’ म्हणणं सोपं. बाईचा मान कामावर. धानाच्या रोवणीच्या टोळीत जिला जागा नाही, तिला हळदीकुंकवालाही मागची जागा.

आणि सभामंडपात सगळ्यांत आधी बोलणारा कोण? मीच. मी उभा राहिलो.

“मॅडम, आमच्या घरात बसून खाणारा कोणी पैदाच झाला नाई. माही बायको बारा महिने रोजीवर असते. एक दिवस खंड नाई. चिखलातून काढली का तेंदूपानात, तेंदूपानातून काढली का धानात. पाऊस थांबते, पण ती थांबत नाई!”

टाळ्या पडल्या. मागे चहाची किटली घेऊन उभी असलेली बायको लाजली, पण मानही डोलावली. मग एकेक उठला आणि माझ्यापेक्षा वरचढ सांगत गेला. एकाची बायको तर दिवाळीच्या दिवशीही निंदणावर. मॅडम लिहीत राहिल्या. एकदाच त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, “नक्की? सगळ्याच जणी, वर्षभर?”

“नक्की,” आम्ही एका सुरात.

दिवाळीच्या आधी पाच दिवस त्यांनी मिलच्या वाळवणीच्या ओट्यावर सभा घेतली. सेठ खुर्चीवर, मॅनेजर त्याच्या बाजूला, आम्ही पोत्यांवर. मॅडम म्हणाल्या, हा कच्चा आकडा आहे, सोमवारी कंपनीला जाईल. आणि आकडा निघाला किमान वेतनाच्या वर जेमतेम वीतभर.

मॅनेजर हसला. “म्हणजे आपण जवळजवळ पोचलोच की!”

“पण टोपली तर एवढी मोठी होती,” आमच्यातला एक हमाल बोलला. “मग आकडा असा कसा सुकला?”

मॅडमने फळ्यावर लिहिलं. “समजा, कुटुंबाला महिन्याला चोवीस हजार लागतात. हा सगळा भार एकट्याच्या पगारावर टाकत नाही. घरात पूर्ण वेळ कमावणारे जितके, तितक्यांनी भागायचं. तुम्ही सांगितलं, घरात पूर्ण वेळ दोघं कमावतात. चोवीस भागिले दोन, बारा. दीडच माणूस कमावत असता तर सोळा झाले असते.”

बारा आणि सोळा. त्या दोन आकड्यांच्या मधल्या खड्ड्यात मी उभा होतो आणि वरून सगळं गाव मला पाहत होतं. बॉयलरपुढे मला कधी घाम आला नाही असा घाम त्या दिवशी आला. चप्पल ओली झाली म्हणा ना. हमालाने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सांगावं तर काय? ‘मॅडम, मी फेकली होती’? मग सेठ म्हणाला असता, हे खोटं तर भाजीचे भावही खोटे, घरभाडंही खोटं, सगळी टोपलीच खोटी. न सांगावं तर चाळीस घरं वर्षानुवर्षं त्या बारावर भागवणार.

घरी गेलो. बायको ओलं फडकं घेऊन दाराशी उभी होती, दिवाळीची साफसफाई. मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

“तुमी काऊन असं बोल्ले जी?”

“तूच तं मान डोलावत होती!”

“तुमी चारचौघात माहं नाव काढलं, मले बरं वाटलं. मले काय मालूम, तिथी भागाकार लपून बसला व्हता!” मग ती खाटेवर बसली. “आपल्या पोट्टीचं नर्सिंगचं होस्टेल या वाढीवरच धरलं हाय ना? बारावर कसं होईल जी?”

ती उठली आणि दाराकडे पाहू लागली.

दाराच्या आतल्या बाजूला चुन्याचे ठिपके. आमच्या टोळीतल्या बायका रोजीवरून आल्या की दाराला बोटाने चुना लावतात, एका दिवसाचा एक ठिपका. टोळीच्या मुकादमबाईशी हिशेब जुळवायला. रोवणीचे ठिपके एका ओळीत, कापणीचे दुसऱ्या, तेंदूपानाचे तिसऱ्या. दिवाळीला दार धुतात आणि पाटी कोरी. कोपऱ्यातल्या तीन-चार ठिपक्यांवर तिचं फडकं आधीच फिरलं होतं. बाकीचे आम्ही दोघांनी मोजले. दोनदा. एकशे बेचाळीस.

पूर्ण वेळच्या कामाचं वर्ष आमच्या मिलमध्ये तीनशे दिवसांच्या थोडं खाली. म्हणजे माझी बारा महिने न थांबणारी बायको वर्षात अर्धाच काळ रोजीवर होती. बाकीचा काळ काम नव्हतंच, आणि होतं ते पाणी, चूल, सासू, सरपण. त्याला ठिपका नाही.

“फोटो काढून पाठवा ना बापा,” ती म्हणाली.

“फोटो धाडणारा मीच ना. माह्या शब्दाला आता कोण विचारते? दारच बोलेल.”

खोटं वाटेल, पण मी दार बिजागरीतून काढलं. सकाळी सतरा जणांच्या जीपमध्ये अठरावं दार बसलं. जीपवाल्याने त्याचं भाडं घेतलं, पण खिडकीची जागा दिली. ब्रह्मपुरीत मॅडम उतरलेल्या लॉजच्या जिन्यावरून आम्ही नवराबायकोने ते वर चढवलं तेव्हा लॉजवाल्याला वाटलं, खोली नंबर चारचं दार बदलायला आलो.

मी मॅडमपुढे उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका दमात, काही न वाढवता सांगितलं. “मी खोटं बोल्लो जी. बाकीचे माह्यामागे बोल्ले. भाव, भाडं, ते सारं खरं हाय. हे एकच खोटं.”

मॅडम दारासमोर गुडघ्यावर बसल्या. ठिपके मोजले, कोपऱ्यातल्या पुसलेल्या डागावर बोट ठेवून बायकोकडे पाहिलं.

“तीन व्हते, नाईतर चार,” बायको म्हणाली. “आठवत नाई ते मोजू नका. खोटं आमच्या घरातून एकदाच निघालं, पुरे झालं.”

मॅडम हसल्या नाहीत. “मला शंका होतीच. सरकारी पाहणीत बायकांचे कामाचे दिवस इतके कुठेच नसतात. पण सगळे एका सुरात बोललात, आणि मी ते मान्य केलं. ती चूक माझी. पण एका दारावर आकडा बदलता येत नाही. बाकीची दारं?”

बायकोचा चेहरा उतरला. “परवा धुतील. काहींनी आज सुरू केलं असंल.”

त्या दिवशी मॅडम आमच्याबरोबर जीपमध्ये परतल्या. माझी बायको गावात पुढे आणि मी मागे, दार डोक्यावर. ती प्रत्येक घरापुढे ओरडत होती, “धुऊ नका वं! दार धुऊ नका!” नऊ दारं आमच्या आधीच लख्ख झाली होती. त्या घरांचं मॅडमने टोळीच्या मुकादमबाईकडून विचारून घेतलं. काही बाया दार उघडायला तयार होईनात. ठिपके कमी होते म्हणून. माझ्या बायकोने त्यांना आमचं दार दाखवलं. मग उघडली. कोणाचे दीडशे, कोणाचे शंभराच्या आत. एकीच्या दारावर बाळंतपणाच्या वर्षाचे फक्त अकरा. ती म्हणाली, “एवढेच,” आणि पदर तोंडावर घेतला. मॅडमने अकरा लिहिले आणि त्या पुढच्या दाराकडे वळल्या.

सोमवारचा आकडा गुरुवारी गेला. दोघांच्या जागी दीड. मॅनेजर म्हणाला, दार मुद्दाम रंगवून आणलं असेल. मॅडमने त्याला मुकादमबाईची वही दाखवली, ठिपक्यांशी जुळणारी. कंपनीचं उत्तर यायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने मी बॉयलरपुढे थंडीने कुडकुडत काढले. उत्तर आलं: फरक मोठा आहे, तीन वर्षांत तीन टप्प्यांनी भरू. पहिला टप्पा होळीच्या पगारात आला. पोट्टीचं होस्टेल सुटलं नाही. पुढचे दोन टप्पे येतील, हे मात्र नुसतं कागदावर आहे, आणि कागदाला कायद्याचा धाक नाही. तो किमान वेतनाच्या फळ्यालाच आहे. कंपनीने उद्या दुसरीकडून तांदूळ घेतला तर? हे मी रोज स्वतःला विचारतो.

दार परत बसवलं, पण जरा तिरकं. नीट लागत नाही. बायको त्याला आता दिवाळीला धूत नाही. आणि सभामंडपात कोणी प्रश्न विचारला की ती माझ्या खांद्यावर हात ठेवते, जोर देऊन, मी बसेपर्यंत. मग आधी बाया बोलतात.