नववा मुद्दा

त्या टिपणाचा राग अजून गेलेला नाही. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी दाढी करताना कधी आठवलं तर वस्तरा थांबवावा लागतो.

भोरात आमची भातगिरणी होती. आमची म्हणजे पाच जणांनी मिळून काढलेली. मी तिथे पगारावर कारकून. पुण्याला वकिलीच्या परीक्षेला दोनदा बसलो, दोनदा नापास झालो आणि परत आलो. इंग्रजी कागद वाचता येतो, एवढ्या भांडवलावर गिरणीत चिकटलो. मॅनेजर विंझरकडचे. सगळे त्यांना दादा म्हणत. मोडी झरझर वाचायचे. इंग्रजी म्हणजे सहीपुरतं. पहाटेपासून भात सडायच्या यंत्रापाशी, हलरपाशी उभे. कोणाच्या भाताचा ओला दाणा, कोणाच्या पोत्यात कणी, सगळं हाताने बघणार. टेबलाशी बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. मला ते 'वकील' म्हणायचे. त्यांच्या मनात काही नसायचं, पण मला ते झोंबायचं.

जुनं इंजिन थकलं, तेव्हा मुंबईच्या एका कंपनीचं नवं ऑईल इंजिन घ्यायचं ठरलं. कंपनीने करारनामा पाठवला. टाईप केलेली चाळीस फुलस्केप पानं, वर सुतळीने शिवलेली. दादांनी तो हातात तोलून पाहिला आणि माझ्याकडे दिला.

"वकील, ह्यो वाचा. मला दोन दिसांत सांगा, ह्यात काय हाय."

मी तीन दिवस घेतले आणि सात पानी टिपण लिहिलं. प्रत्येक कलमाचा अर्थ, त्यावर माझं मत, कुठे कुठे कायद्याचा आधार. असं टिपण परीक्षेत लिहिलं असतं तर पास झालो असतो, असं मला वाटत होतं. दादा भाताच्या राशीवर उभे होते. त्यांनी दुसऱ्या पानापर्यंत वाचलं आणि कागद मला परत दिले.

"हे म्या कवा वाचू? गाड्या उभ्या हायती. एका पानात द्या. कुठं धोका हाय तेवढंच."

मला राग आला. तीन दिवस डोळे फोडले आणि हा माणूस उभ्या उभ्या परत करतो. त्या रागातच बसलो आणि सात पानांचं एक पान केलं. करारातल्या ज्या नऊ कलमांवर मी खूण केली होती, ती पानांच्या क्रमाने एकाखाली एक लिहिली. प्रत्येकाला एक ओळ. दुसऱ्या पानावरचं पहिलं, एकतिसाव्यावरचं शेवटचं. मागितलंत ना एक पान, घ्या एक पान.

आज ते टिपण डोळ्यांसमोर आणलं की दिसतं ते असं. पहिला मुद्दा: करारात गिरणीचं नाव चुकीचं लिहिलंय, दुरुस्त करून घ्यावं. दुसरा: रिकाम्या पेट्या आपल्या खर्चाने परत पाठवायच्या आहेत. तिसरा: कंपनीच्या नावाची पाटी गिरणीच्या दारावर लावावी लागेल. पाचवा: इंजिनाची पेटी कंपनीच्या फिटरच्या समक्षच उघडायची. आणि अगदी तळाशी, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, नववा: माल मुंबईहून निघाल्यापासून दहा दिवसांत लेखी तक्रार न केल्यास तो निर्दोष पोचला असं धरलं जाईल, पुढे मोडतोडीची जबाबदारी कंपनीवर नाही.

पाचवा आणि नववा एकाशेजारी एक ठेवून वाचले तर शेंबड्या पोरालाही कळेल. फिटर येईपर्यंत पेटी उघडायची नाही, आणि उघडल्याशिवाय तक्रार कशाची करायची ते कळत नाही. मी ते दोन्ही लिहिले, पण एकत्र वाचले नाहीत.

चार दिवसांनी कंपनीचा एजंट आला. कोट, टोपी, गोड बोलणं. दादा हात धुऊन टेबलाशी बसले आणि माझं टिपण समोर उघडं ठेवलं. मी शेजारी उभा होतो.

"आमचं नाव चुकलंय," दादा म्हणाले.

"अरे, ही तर आमच्या टायपिस्टची चूक. लगेच बदलतो."

"रिकाम्या पेट्या आमी न्हाई धाडणार."

"नका पाठवू. तुमच्याच समजा."

"आन् ती पाटी?"

"तुमची गिरणी, तुमचं दार. पाटी नको तर नको."

तिन्ही गोष्टी त्याने अशा मान्य केल्या, जणू स्वतःच्या खिशातून काढून देतोय. दादा खूश झाले. मी मात्र पाहिलं, एजंटची नजर दादांवर नव्हती, टेबलावरच्या कागदावर होती. उलट्या बाजूने तो वाचत होता. तळापर्यंत वाचलं असणार. पुढे तो घाईने म्हणाला, "बाकी सगळं नेहमीचंच आहे. सगळ्या गिरण्यांना हाच करार."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "वकील, बाकीचं असंच हाय न्हवं?"

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "सगळं टिपणात लिहिलंय, दादा."

मनात धुसफुसत होतो: वाचा की मग. सात पानं वाचायला वेळ नव्हता, आता एक तरी वाचा. दादांनी कागदावरून बोट फिरवलं, बाहेर गाडीवाला हाका मारत होता, आणि त्यांनी सही केली.

इंजिन दिवाळीच्या तोंडावर मुंबईहून निघालं. पुण्याच्या मालधक्क्यावर हमाल गावी गेलेले, लॉरी मिळेना. भाऊबीज झाल्यावर लॉरी ठरली आणि कात्रजचा घाट चढून पेटी भोरात आली, तेव्हा नववा दिवस होता. कंपनीला फिटरसाठी पत्र टाकलं. तो आला चौदाव्या दिवशी. त्याने सावकाश चहा घेतला, खिळे उपसले, गवत बाजूला केलं. सिलिंडरच्या अंगावर वरपासून खालपर्यंत चीर होती. पेटी कुठे तरी आपटली होती.

फिटर म्हणाला, "तक्रार केली होती का?"

दादा म्हणाले, "पेटी आत्ता उघडली, तक्रार कवा करणार?"

"दहा दिवसांत करायची असते," तो म्हणाला. त्याला ते कलम पाठ होतं.

मला तोपर्यंत दहा दिवसांची आठवणही झाली नव्हती. नववा मुद्दा मीच लिहिला होता आणि पेटी वखारीत पडलेली असताना तिच्या बाजूने मी रोज जात होतो. बंद पेटीबद्दलसुद्धा 'तक्रारीचा हक्क राखून' म्हणून एक ओळ पोस्टाने टाकता आली असती. ते मला सुचायला हवं होतं. पण त्या दिवशी हे मी स्वतःशी कबूल केलं नाही. मी सरळ टेबलाशी गेलो, टिपण काढलं आणि दादांसमोर धरलं.

"हे बघा. नववा मुद्दा. मी लिहिलं होतं."

दादांनी वाचलं. मग पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा नवव्यावर आणलं. त्यांचं तोंड लाल झालं, पण आवाज चढला नाही.

"व्हय, लिहिलं हाय. पाटी तिसरी लिहिली आन् हे नववं. पयल्या तिनात काय न्हवतं, म्हणून म्या म्हणलं खालचं त्याहून हलकं. तुमाला म्हाईत होतं न्हवं, आमी कुठं मरतो ते? मग ते वर का न्हाई लिहिलं?"

"मी पानांच्या क्रमाने..."

"पानांचा क्रम काय चाटायचाय मला?"

मी तिथून बाहेर पडलो. नीरेच्या काठाने चालत गेलो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या. अडाणी, इंग्रजी येत नाही, वाचायला वेळ नाही, आणि खापर माझ्यावर. दोन-तीन तास तसा फिरलो असेन.

कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं: कलम पाहावे. पुण्यातल्या एका वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, फिटर त्यांचाच, तेव्हा तुम्ही जिंकालही, पण करारात मुंबईचं कोर्ट लिहिलंय, भोरचं नाही, वर्षं जातील. हंगाम कोण थांबवणार? नवा सिलिंडर कंपनीकडूनच, तिच्या भावाने मागवावा लागला, कारण दुसरीकडचा बसवला तर उरलेल्या इंजिनाची हमी जाते. तो आला तेव्हा माघ संपत होता. वेल्ह्याकडच्या, किकवीच्या गाड्या भात घेऊन आल्या तशा परत फिरल्या. बायकांनी घरी उखळात कांडलं. जुनं इंजिन आठवड्यातून दोन दिवस कसंबसं ओढत होतं.

पाचही मालक बसले. मी कोपऱ्यात टिपण हातात घेऊन बसलो होतो. आज सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, असं ठरवूनच आलो होतो. मालकांतले एक म्हणाले, "करार वाचायला पगारी माणूस ठेवलाय ना आपण? त्याने सांगितलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आधी दादा बोलले.

"त्यानं सांगितलं. कागदावर लिहून दिलं. म्या वाचलं न्हाई. चूक माजी."

पुढे कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मालक दादांनाच बोलत राहिले, बराच वेळ, आणि दादा मान खाली घालून ऐकत राहिले. मला सांगता आलं असतं की, दादांनी विचारलं होतं आणि मी सरळ उत्तर दिलं नव्हतं. मी टिपणाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी हलरपाशी त्यांना गाठलं.

"काल तुम्ही खोटं बोललात," मी म्हणालो. "तुम्ही मला विचारलं होतं. मी नीट सांगितलं नाही. तुम्ही तसं सांगायचं होतं."

"सांगून काय झालं असतं? तुमाला काढलं असतं. मग इंग्रजी कोण वाचणार, मी?" त्यांनी भाताची मूठ घेतली, फुंकली. "राग तर मला बी लई हाय. अजून हाय. पण मला कागद वाचून घ्यायचाय फुडं बी."

त्यांनी मला माफ केलं नव्हतं, आणि ते लपवतही नव्हते. त्यांनी माफ केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी वखारीच्या पत्र्यांचा करार आला, बारा पानांचा. मी वाचला. टिपणात वरती एकच ओळ लिहिली: वादळात पत्रे उडाले तर ठेकेदार जबाबदार नाही; हे काढल्याशिवाय सही करू नये. त्याखाली: हे कलम आणि आठव्या पानावरचं, पूर्ण रक्कम आगाऊ देण्याचं कलम एकत्र वाचावं. बाकीच्या बारीकसारीक गोष्टी वेगळ्या कागदावर, मागितल्या तरच द्यायच्या म्हणून. कागद नेऊन दिला आणि दादा वाचत असताना शेजारी उभा राहिलो. त्यांनी वाचून झाल्यावर विचारलं, "ह्यात आमी मरतो?"

"हो," मी म्हणालो. "ह्यातच."

ठेकेदार दोन दिवस भांडला आणि मग त्याने कलम काढून टाकलं. दादांनी सही केली, टाक दौतीत ठेवला आणि हलरकडे गेले. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणावं अशी माझी इच्छा होती, आणि त्या इच्छेचाही मला रागच आला.