शून्य सेकंदाला रेषा कुठे जाते

धायरीच्या पुढच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात उष्णतेची प्रयोगशाळा आम्ही दोघं सांभाळायचो, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या एक मॅडम. प्रयोग संपले की एकाच बसने मंडईत यायचो. अळूची जुडी त्याच निवडून द्यायच्या. "सर, तुम्ही पानं बघता, देठ बघा," म्हणायच्या. पत्नी गेल्यानंतर माझ्याशी इतकं साधं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

आमचा एक प्रयोग असा होता. धातूचा लहान गोळा उकळत्या पाण्यात तापवायचा, मग ढवळत्या गार पाण्यात सोडायचा आणि त्याच्या केंद्रात बसवलेल्या थर्मोकपलवर, म्हणजे तापमान सांगणाऱ्या तारेवर, तापमान बघत राहायचं. सगळा गोळा कोणत्याही क्षणी एकाच तापमानाचा आहे असं धरलं, तर गणित एका ओळीत सुटतं. याला आम्ही 'लम्प्ड' म्हणतो. पण तसं धरायचं असेल, तर उष्णतेला धातूच्या आत होणारा अडथळा बाहेर पाण्यात जाताना होणाऱ्या अडथळ्याच्या मानाने नगण्य हवा. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे बायो नंबर. तो एक दशांशाच्या खाली असला, तरच लम्प्ड चालतं.

मी प्रयोगाचं मॅन्युअल लिहिलं तेव्हा गोळा तांब्याचा होता. पुढे त्याची तार तुटली आणि स्टोअरमधून त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा गोळा आला. मॅन्युअल तेच राहिलं. गोळा आणि पाणी यांच्यातला सुरुवातीचा तापमानफरक एक धरून लॉग पेपरवर काढलेली रेषा सरळ येत होती, म्हणून मी निश्चिंत होतो.

मॅडम निश्चिंत नव्हत्या. एका सकाळी त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला. पाणी तेच, ढवळणं तेच, म्हणून तांब्याच्या प्रयोगातून निघालेला, पाणी उष्णता किती वेगाने ओढून घेतं ते सांगणारा गुणांक इथेही धरता येतो. त्रिज्येचा तिसरा हिस्सा घेतला की तांब्याचा बायो नंबर येतो दोन शतांशांहूनही कमी. स्टेनलेस तांब्याच्या मानाने उष्णता फारच सावकाश वाहून नेतं. त्याचा आला शून्य पूर्णांक चारच्या वर.

"पण रेषा सरळ येते," मी म्हणालो.

"सुरुवातीचे काही सेकंद सोडले की कुठल्याही गोळ्याची सरळच येते, सर. ती मागे वाढवा. लम्प्ड असेल तर शून्य सेकंदाला बरोबर एकावर जायला हवी. ही वर जाते. कारण पाण्याची बातमी केंद्रापर्यंत पोचायला वेळ लागतो."

मला पटलं होतं. पटलं होतं, हेच आज लिहायचं आहे.

पण त्याच आठवड्यात तपासणी समिती यायची होती आणि मॅन्युअलवर माझं नाव होतं. विभागाच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. केंद्राबरोबर पृष्ठभागाजवळही एक थर्मोकपल हवं, म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मॅडमना रेषा मागे न्यायची फार हौस. आपण विद्यार्थ्यांना पुढे नेऊ या."

सगळे हसले. त्यांनी शांतपणे कागद आवरले. पुढच्या सत्रात त्यांनी दुसरी प्रयोगशाळा मागून घेतली आणि संध्याकाळच्या बसला त्या दिसेनाशा झाल्या. मंडईत मी बरेच दिवस अळूवाल्या मावशींपाशी उगाच रेंगाळायचो. "बाई नाय आल्या?" मावशी विचारायच्या.

अलीकडे कॉलेजने जुन्या शिक्षकांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं. यंत्रं नवी होती, गोळा तोच होता. एका मुलीने आलेख काढून दाखवला.

"जरा मागे वाढव रेषा."

"सर, मॅन्युअलमध्ये तसं काही नाहीये."

"माहीत आहे. वाढव."

पट्टी ठेवून तिने रेषा ओढली. ती एक पूर्णांक तीनच्या आसपास गेली. तिचा चेहरा उतरला. "माझं चुकलं का?"

"तुझं नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्याचं." मग तिथल्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं, आणि हे कोणी आधीच दाखवून दिलं होतं तेही. ते म्हणाले, बदलून घेऊ.

घरी येऊन मॅडमना फोन केला. नंबर इतकी वर्षं होता माझ्याकडे.

"मी बोलतोय." त्यांनी आवाज ओळखला. मी म्हणालो, "आज रेषा मागे वाढवून बघितली."

त्यांनी विचारलं, "किती आली?"

"एक पूर्णांक तीन."

"ढवळणं चालू होतं ना?"

"चालू होतं. तुमचं बरोबर होतं, तेव्हाही मला माहीत होतं. बैठकीत तुमचं हसं केलं ते मीच."

"अहो, तुम्हाला माहीत होतं, हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर गेले. नुसती चूक असती तर भांडले असते." आणि मग, "मुलांना आता नीट शिकवतील ना?"

"शिकवतील."

"बरं झालं." त्यांनी फोन ठेवला.

काल मंडईत गेलो होतो. अळू घेतलं, देठ बघून. एकट्यापुरती अर्धी जुडी मिळत नाही. पुरी घेतली.