जयसिंगाचा तास आन् तानुबाईचं अर्धं वाक्य

आमच्या ग्रामसेविका मोनिकाबाईंच्या डाव्या भुवईवर खूण हाय. पाच टाक्यांची. नवीन मानूस विचारतो, "मॅडम, गाडीवरनं पडला व्हय?" त्या म्हनतात, "न्हाई, सभेत लागलं." आन् पुन्हा लिहायला लागतात. मी असते तर दोन तास पुरान सांगितलं असतं. म्हनून मीच सांगते. मी कुशाबाई, पंचायतीची सदस्य, आन् माझं तोंड कसं हाय ते भीमेच्या दोन्ही काठांना ठाऊक हाय.

बाई मूळच्या वरवंडच्या, धनगराच्या. बाप मेंढरं वळायचा. रोज स्कूटीवरनं पूल वलांडून आमच्या गावात येतात. आल्या तवा मला वाटलं, ही काडी काय गाव सांभाळनार! आवाज इतका बारीक, की सभेत "शांत बसा" म्हनाल्या तर शेजारची बाई तेवढी गप्प बसायची.

आमच्या गावात सभेची एक रीत व्हती. सगळ्यांनी आल्याआल्या कोऱ्या पानावर सह्या ठोकायच्या, चहा प्यायचा, जयसिंगाचं ऐकायचं आन् घरी जायचं. लिखान मागनं व्हायचं. सह्यांच्या वर जागा सोडलेली असायची, तिथं "सर्वानुमते मंजूर" असं येऊन बसायचं. सर्वानुमते म्हंजी जयसिंगाच्या मते. त्याच्या पोल्ट्रीच्या चार शेड, दोन ट्रॅक्टर आन् भोंग्यासारखा घसा. सरपंच हौसराव त्याच्यापुढं पान्यातल्या ढेकळासारखे इरघळायचे.

भागुबाई मेली तवा ही रीत मोडली.

भरदुपारी वड्याच्या पान्याकडंला वाकून गवत कापत व्हती बिचारी. बिबट्यानं मानंलाच धरलं. उसात ओढत नेली. आम्ही गेलो तवा सरीत चप्पल, पुढं इळा, पुढं लुगड्याची चिंधी. आन् त्याच्या पुढं जे व्हतं ते मी सांगनार न्हाई. तिच्या सुनंनं मातीत डोकं आपटून आपटून कपाळ फोडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं ग्रामसभा. वनखात्याला ठराव पाठवायचा व्हता, पिंजरा कुठं लावायचा म्हनून. जयसिंगानं माईक धरला तो सोडलाच न्हाई.

"ही बला धनगरांनी आनली! गायरानात मेंढरं कोंबल्यात, त्यांच्या वासानं जनावर येतंय. वाडा उठवा! उठत न्हाईत तर पेटवून द्या! आन् पिंजरा माझ्या बंगल्यापाशी लावा!" हेच फिरून फिरून. वाडा उठवा, वाडा उठवा. पाठीमागं त्याची चार टगी पोरं काठ्या आपटत व्हती. मधी कधीतरी तो वराडला, "रात्रीची लाईट देतात हरामखोर! मानसानं रात्री मोटर चालू करायला जायचं आन् वाघाच्या तोंडात मरायचं?" आन् परत वाडा उठवा.

मेंढरांचा हा वाडा व्हता तानुबाईचा. साठीची बाई, नवरा गेलेला, शंभर-सव्वाशे मेंढरं. गायरान सुटलं तर तिला जायला दुसरी जागा न्हाई. ती खाली कोपऱ्यात बसली व्हती. एकदाच उठली. म्हनाली, "जनावर मेंढरांच्या वासानं न्हाई येत, ते वड्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांना..."

"बस खाली, म्हातारे!" जयसिंग गरजला. ती बसली.

वड्याकडंला रान असलेल्या म्हस्कूनं बसल्या बसल्याच पुटपुटलं, की पायाचे ठसे वड्यातनं येत्यात, गायरानाकडं एकबी ठसा न्हाई. ते मला ऐकू आलं कारन मी त्याच्या शेजारी. मोनिकाबाईंना कसं ऐकू आलं देव जानं! पन त्यांचं पेन हाललं. जयसिंग तासभर बोलला, त्यात पेन दोनतीनदाच हाललं व्हतं.

"लिहा, सर्वानुमते वाडा उठवायचा," जयसिंग म्हनाला. "सह्या झाल्यात."

मोनिकाबाईंनी सह्यांच्या पानावर वर लिहिलं, "फक्त हजेरी." कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली, म्हंजी मागनं तिथं कायबी घुसवता येनार न्हाई. मग म्हनाल्या, "तानूआजी, तुमचं वाक्य अर्धं राहिलंय. मला पुरं पाहिजे."

तानुबाई परत उठली. "शेडात मेलेल्या कोंबड्या पोत्यानं वड्यात टाकत्यात. जनावर त्याच्यासाठी येतं. आमची कुत्री रोज तिकडंच भुकतात. पिंजरा वड्यात लावा." एवढंच. बसली.

"आता मी वाचून दाखवते," मोनिकाबाई म्हनाल्या. "कुनाचं चुकलं असंल तर आत्ताच सांगा. बिबट्या कशामुळं येतो. जयसिंग यांचं म्हननं, मेंढरांमुळं. तानुबाई यांचं म्हननं, वड्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांमुळं. म्हस्कू यांचं म्हननं, ठसे वड्यातून येतात, गायरानाकडं नाहीत."

"माझ्या तासाची एक ओळ?" जयसिंगाचे डोळे लाल.

"दादा, तुम्ही एकच गोष्ट वीस वेळा बोललात. वीस वेळा बोलल्यानं ती वीस गोष्टी होत नाहीत."

आयायायो! लोखंडी खुर्ची उचलली त्यानं आन् भिरकावली. बाईंच्या भुवईवर बसली. रक्ताची धार लागली, चष्मा फुटला. टग्यांनी म्हस्कूला पाडला, काठ्यांनी बडवला. हात मोडल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला. एकानं तानुबाईच्या पाठीत लाथ घातली. मी पायातली चप्पल काढली आन् जयसिंगाच्या थोबाडावर अशी हानली, की त्याचा दात पडला. खोटं न्हाई सांगत! मला लई बरं वाटलं. मग आमच्या बायांनी दगडं घेतली, तवा कुठं टगी पळाली. जयसिंग मात्र तिथंच. पळनाऱ्यातला न्हाई तो.

मी बाईंना म्हनलं, "चला दवाखान्यात! आन् त्या मुडद्याचं नावच खोडा कागदावरनं!"

त्यांनी पदराचा बोळा डोळ्यावर दाबला. "पुरं वाचून होऊ दे, काकू." आन् एका डोळ्यानं वाचलं: "जयसिंग यांनी असंही म्हटलं की रात्रीच्या लाईटमुळं शेतकऱ्याच्या जिवाला धोका आहे, दिवसा थ्री-फेज लाईट मिळावी. हा मुद्दा त्यांच्याशिवाय कुनी मांडला नाही, म्हनून वेगळा लिहिलाय."

माझा तर संताप संताप झाला. ज्यानं डोकं फोडलं त्याचंच भलं लिहितीय ही! जयसिंगबी नुसता बघत राहिला, तोंडातनं रक्त थुकत.

मग हात मोजले. वाडा उठवायला एकतीस, विरोधात सत्तेचाळीस. पिंजरा वड्यात लावायचा आन् दिवसा लाईट मागायची, याला तर बहुतेक सगळेच. "सर्वानुमते" हा शब्द त्या कागदावर कुठंच न्हाई. मग पाच टाके, पोलीस, सरकारी कामात अडथळ्याची केस. जयसिंग जामिनावर दोन दिवसांत भायेर.

वनखात्यानं कागद वाचला आन् पिंजरा वड्यात लावला. बरं झालं म्हनावं, तर जयसिंगाच्या डोक्यात तिडीक. म्हातारीच्या सांगन्यावर पिंजरा लावतात म्हंजी काय! त्यानं ट्रॅक्टर जोडला आन् भर सकाळी पिंजरा वडत आपल्या बंगल्यापाशी नेला. वनखात्याला कळवायच्या आत त्याच संध्याकाळी त्याचा एकुलता एक पोरगा, विक्रम, बावीस वर्षांचा, मेलेल्या कोंबड्यांचं पोतं घेऊन वड्यात गेला. वाकून पोतं रिकामं करत व्हता.

त्याची किंकाळी गायरानात ऐकू आली. सगळ्यात आधी कोन धावलं? तानुबाई. तिनं कुत्री सोडली, स्वतः कुऱ्हाड घेऊन वड्यात उतरली. कुत्र्यांनी जनावर हुसकलं. एका कुत्र्याचं पोट फाटलं. तिनं विक्रमची मान मांडीवर घेतली, पदर गळ्यावर दाबला, पन रक्त थांबना. गाडी यायच्या आत पोरगं गेलं. मी पोचले तवा ती रक्तात भिजून त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत बसली व्हती.

तेराव्यानंतर परत ग्रामसभा. या खेपंला माईक मी धरला. आन् का धरू नये? भागुबाई गेली, पोरगं गेलं, म्हस्कूचा हात अजून गळ्यात. मी जयसिंगाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "शेड बंद करा! शेड जाळा! गावाभायेर काढा या राकुसाला!" लोक टाळ्या वाजवत व्हते, पोरांनी रॉकेलचा कॅन आनलेला. मला थांबता येईना आन् थांबायचंबी नव्हतं. किती बोलले कुनास ठाऊक, घसा बसला तवा थांबले.

जयसिंग तानुबाईच्याच कोपऱ्यात खाली बसला व्हता. दाढी वाढलेली. उठून कायतरी बोलला, पन लोकांनी "बस खाली!" म्हनून गलका केला. तो बसला.

मोनिकाबाई म्हनाल्या, "दादा, तुमचं वाक्य अर्धं राहिलंय. मला पुरं पाहिजे."

तो उठला. त्याचा तो भोंगा कुठं गेला व्हता देव जानं. "पोराला मीच धाडला," तो म्हनाला. "शेड माझ्या एकट्याच्या न्हाईत, गावात आनखी सात जनांच्या हायेत. माझ्या जाळल्या तरी त्यांच्या कोंबड्या वड्यात पडनारच. खोल खड्डे खांदायला लावा, वर झाकन, चुना टाकायचा. पहिला खड्डा माझ्या रानात खांदा." बसला. तानुबाईनं त्याच्यापुढं पान्याचा तांब्या सरकावला.

मोनिकाबाईंनी वाचायला घेतलं. "कुशाबाई यांचं म्हननं, जयसिंग यांच्या शेड बंद कराव्यात किंवा जाळाव्यात." आन् पुढं गेल्या! "जयसिंग यांचं म्हननं..." त्याचं शब्द न् शब्द. सात जनांच्या शेड, खड्डा, झाकन, चुना, त्याचं रान.

"ए बाई!" मी वराडले. "माझ्या एवढ्या बोलन्याची एकच ओळ?"

त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. टाक्यांची खूण अजून लालच व्हती. उत्तर तर साऱ्या गावानं मागच्या सभेतच ऐकलं व्हतं. म्हस्कू खी खी करून हसला, मेला.

शेड जाळायला किती हात? पोरांचे चारदोन वर आले. मी माझा खाली ठेवला, का ते विचारू नका. मग खड्ड्यांचं विचारलं. तानुबाईचा हात पयला वर. म्हस्कूनं चांगला हात वर केला. एकेक करत सारा मांडव. मोनिकाबाई मोजत मोजत माझ्यापाशी आल्या आन् थांबल्या.

त्या पोराच्या चितेचा वास अजून माझ्या नाकात व्हता. जयसिंगाकडं बघवत नव्हतं, आन् त्याची कीवबी करायची नव्हती मला. माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला.